हॉलसाठी अशी नोटीस लिहा, की एक उशीही जागची हलणार नाही

हॉल नीटनेटका राहावा म्हणून घरच्यांसाठी चार सोपे नियम लिहून काढायचं तुमच्या मनात आलंय, हे उत्तम झालं. फक्त लिहायला बसण्याआधी एक ठरवून घ्या. तुम्हाला हॉल आवरलेला हवाय, की ‘या घरात माझं कोणी ऐकत नाही’ असं म्हणायचा हक्क शाबूत ठेवायचाय? दोन्ही एकदम मिळत नाही. हॉल खरंच आवरलेला राहू लागला तर हा हक्क त्याच दिवशी जातो, आणि तो गेल्यावर संध्याकाळी बोलायचं कशावर, हा प्रश्न उरतो. तेव्हा पुढचं मार्गदर्शन हक्क टिकवणाऱ्यांसाठी आहे.

पहिल्या नियमात शोधाशोध नको. ‘प्रत्येकाने आपापल्या वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात’ हा नियम घ्या. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असून तो अजून एकदाही पाळला गेलेला नाही, कारण हॉलमध्ये पडणाऱ्या निम्म्या वस्तूंना जागाच नसते. खात्री करून घ्यायची असेल तर घरातल्या तिघांना वेगवेगळं गाठून विचारा: कात्री कुठे असते? हेडफोनची जागा कोणती? अर्धवट वाचलेला पेपर कुठे ठेवायचा? तिघांची तीन उत्तरं आली, तर नियम सुरक्षित आहे. प्रत्येक जण तो आपल्या परीने पाळेल आणि टीपॉय तसाच राहील.

दुसरी काळजी म्हणजे पाहणी करायची नाही. सलग तीन दिवस रात्री नऊ वाजता कागद घेऊन हॉलमध्ये उभं राहायचं, जमिनीवर, सोफ्यावर, टीपॉयवर आणि खुर्चीवर जे दिसेल ते लिहायचं, कोणाचं तेही लिहायचं, आणि या तीन दिवसांत काहीही उचलायचं नाही, असला उद्योग काही लोक करतात. त्यातून निघतं काय? समजा चौघांचं घर आहे. मनात ठरलेलं असतं की सगळा पसारा मुलांचा. कागदावर मात्र असं उतरतं: खुर्चीवर सहा कपडे, चार चार्जर आणि त्यांच्या वायरी, पाच कप-ग्लास, दोन दप्तरं, आणि बाकी किरकोळ सात-आठ वस्तू. खेळणी? दोन. म्हणजे नियम खेळण्यांवर लिहिला असता तर मुलं रडली असती आणि हॉल होता तसाच राहिला असता. पाहणी केली की नेमक्या तीन-चार प्रकारच्या वस्तूंपुरतेच नियम लिहावे लागतात, आणि तीन नियम लोकांच्या लक्षात राहतात. आपल्याला चौदा हवेत. त्यात ‘मोठ्याने बोलू नये’ आणि ‘पंखा विनाकारण चालू ठेवू नये’ हेही घाला. विषयाशी संबंध नसलेले दोन नियम घातले की वाद तिथेच अडकतो आणि खुर्चीपर्यंत पोचत नाही.

आता त्या खुर्चीकडे या. प्रत्येक हॉलमध्ये एक खुर्ची अशी असते जिच्यावर कोणी बसत नाही, कारण तिच्यावर कपडे बसलेले असतात. जरा जवळ जाऊन बघा. सर्वांत वर आज संध्याकाळी काढलेला शर्ट, त्याखाली कालचा टी-शर्ट, मग पाठीवर टाकलेला स्वेटर, आणि तळाशी एक ओढणी किंवा मफलर, जो ‘कुठे गेला कोण जाणे’ म्हणून आठवडाभर शोधला जातोय. यातला एकही कपडा मळलेला नाही आणि एकही धुतलेला नाही. एकदा घातलेला शर्ट कपाटातल्या घडीच्या कपड्यांत ठेवायला मन होत नाही, आणि धुण्यात टाकायचा तर अजून एक दिवस सहज जाईल. घरात या दोनच जागा असतील तर तिसऱ्या प्रकारचा कपडा तिसरी जागा शोधतो. ती म्हणजे खुर्ची.

म्हणून तुमच्या नोटिशीत ‘खुर्चीवर कपडे टाकू नयेत’ एवढंच लिहा आणि कुठे टाकावेत हे चुकूनही लिहू नका. दोन दिवस खुर्ची मोकळी राहील आणि कपडे सोफ्याच्या पाठीवर जातील. मग ‘सोफ्याच्या पाठीवरही टाकू नयेत’ हा पुढचा नियम. नियमांचा आकडा चौदावर न्यायला याचीही मदत होते.

धोका कुठे आहे तेही सांगतो. खोलीच्या दारामागे माणशी दोन खुंट्या ठोकल्या, मोठ्यांसाठी दीड मीटरच्या आसपास आणि लहान मुलांसाठी त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, दोन खुंट्यांत वीतभर अंतर ठेवून, तर खुर्ची खरोखर मोकळी होते. कारण साधं आहे. कपाटात कपडा ठेवायचा म्हणजे उठा, दार उघडा, हँगर शोधा, अडकवा, जागा करा, दार लावा. खुंटीवर एकदाच हात वर करावा लागतो. दमून घरी आलेला माणूस सहा हालचालींचा नियम पाळत नाही, एका हालचालीचा पाळतो. आणि दोनच खुंट्या असल्या की तिसरा कपडा आला की जुना आपोआप धुण्यात जातो. असली सोय करून दिली तर तुमच्या नोटिशीची गरजच उरणार नाही, तेव्हा खुंट्यांचा विषय ‘एकदा बघू’ या सदरात टाका.

टोपल्यांचंही तसंच. कोणीतरी सुचवेल की टीव्हीखालच्या कप्प्यात माणशी एक टोपली ठेवू, हॉलमध्ये सापडलेली ज्याची वस्तू त्याच्या टोपलीत जाईल. कल्पना घातक आहे, कारण ती चालते. ती बिघडवायचे तीन खात्रीचे मार्ग आहेत. पहिला, टोपली झाकणाची घ्या. झाकणावर दुसऱ्या दिवशी एक पुस्तक येतं, तिसऱ्या दिवशी त्यावर चष्मा येतो, आणि मग टोपली उघडायला आधी टोपली आवरावी लागते. दुसरा, टोपली चांगली ऐसपैस, गुडघ्याएवढी खोल घ्या, म्हणजे महिनाभर भरणारच नाही आणि तळाच्या वस्तू हरवल्यातच जमा होतील. वहीच्या दुप्पट आकाराची, वीतभर खोल, उघडी टोपली घेतली तर ती तीन-चार दिवसांत भरते आणि मालकाला रिकामी करावी लागते. हे टाळायला हवं. तिसरा मार्ग सर्वांत प्रभावी: टोपली भरली की तुम्हीच ती रिकामी करा. मोठा उसासा टाकत करा, पण करा. ‘भरलेली टोपली ज्याची त्यानेच रिकामी करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही’ हा नियम एकदा मोडला की बाकीच्यांना खरा नियम कळतो: वाट पाहिली की काम होतं.

चार्जरबद्दल फार लिहायला नको. ‘वायरी पसरवू नयेत’ म्हणा आणि बोर्ड सोफ्यामागेच असू द्या. एका कोपऱ्यात चार पॉइंटचा एक्स्टेंशन बोर्ड बसवून वायरी आखूड करून तिथेच बांधून टाकणारे लोक असतात. त्यांच्या घरी उपदेशाला वावच नसतो.

वेळेच्या बाबतीत ‘वेळच्या वेळी आवरावे’ हे शब्द अगदी योग्य आहेत, कारण ती वेळ कधीच येत नाही. ‘रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं, गजर लावून, सगळ्यांनी’ असं लिहिलंत तर फसलात. जेवण ठरलेलं असतं, त्याला चिकटवलेलं काम टळत नाही. शिवाय गजर वाजल्यावर काम थांबतं हे माहीत असेल तर मुलंही उठतात. आणि झोपायच्या आधीची वेळ ठरवायचा आग्रह मात्र जरूर धरा. तेव्हा सगळे पेंगत असतात.

त्या दहा मिनिटांचा क्रमही उलटा सांगा. आधी उशा नीट लावायला सांगा. उशा सरळ झाल्या की हॉल आवरल्यासारखा दिसतो, दोघं लगेच त्यांना टेकून बसतात आणि कप तसेच राहतात. नाहीतर क्रम असा लागतो: आधी सगळे कप-ग्लास एका फेरीत स्वयंपाकघरात, मग कचरा आणि रद्दी, मग दाराशी सुरुवात करून भिंतीभिंतीने एकाच दिशेने फिरत प्रत्येकाची वस्तू त्याच्या टोपलीत, आणि उशा सर्वांत शेवटी. यात हॉल सोडून दुसऱ्या खोलीत जायचं नसतं. तुम्ही मात्र एकेक वस्तू तिच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगा. मोजे ठेवायला आत गेलेला माणूस तिथलं मासिक चाळत बसतो आणि दहा मिनिटं संपतात.

भाषा कशी हवी? करड्या शब्दांची आणि कर्त्याशिवायची. ‘असे निदर्शनास आले आहे की काही व्यक्ती कप टीपॉयवरच ठेवतात.’ ही ‘काही व्यक्ती’ कोण, हे सगळ्यांना कळतं, आणि ती व्यक्ती आठवडाभर कप उचलत नाही. ‘उठताना आपला कप बरोबर ने’ हे सहा वर्षांच्या मुलालाही कळेल, म्हणून ते टाळा. स्वतःसाठी एक सवलत तेवढी राखून ठेवा: तुमची फाईल, तुमचा चष्मा, तुमची औषधांची पिशवी हा पसारा नसून ‘लागणाऱ्या वस्तू’ आहेत. ही सवलत नियमांत लिहायची नाही, फक्त वापरायची. मुलं ती पहिल्याच दिवशी ओळखतात आणि आपली सायकलची पंपनळीही लागणारी वस्तू असल्याचं जाहीर करतात.

नोटीस कोणाशी न बोलता लिहा आणि रविवारी सकाळी सगळे निवांत असताना वाचून दाखवा. आधी विचारलंत तर कोणी तरी ‘कप मी नेईन, पण दप्तर हॉलमध्येच राहू दे, मी तिथेच अभ्यास करतो’ असं काही म्हणेल, आणि मग दप्तरासाठी सोफ्याशेजारी जागा नेमून द्यावी लागेल. ‘दोन आठवडे करून बघू, मग न जमलेला नियम बदलू’ असलं वाक्य तर तोंडातून निघता कामा नये. चालत नसलेला नियम बदलता येतो हे कळलं, तर लोक तो मोडण्याऐवजी बदलायला येतील. कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

एवढं करूनही घरातलं कोणी परस्पर दोन खुंट्या ठोकून आलं, तर घाबरून जाऊ नका. खुंट्या तिरक्या बसल्या आहेत म्हणा, त्या काढायला लावा, आणि पुन्हा कुठे ठोकायच्या हे सगळ्यांनी बसून ठरवेपर्यंत कपडे तात्पुरते खुर्चीवर ठेवायला सांगा.