सरकारचा हात सैल, बँकेची मूठ आवळलेली: मग चलन वर जाणार की खाली?

एकीकडे सरकार कर कापतं किंवा खर्च वाढवतं आणि दुसरीकडे मध्यवर्ती बँक व्याजदर चढवते. या जोडीचं पाठ्यपुस्तकी उत्तर तीन ओळींचं आहे. व्याजदर वाढतो, उत्पादन कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि चलन वधारतं. पहिल्या दोन ओळी मला मान्य आहेत. तिसरी मात्र अर्धीच सांगितली जाते, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच सगळी गंमत आहे. हीच जोडी अमेरिकेत 1981 पासून जमली तेव्हा डॉलर चार वर्षं चढत गेला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2022 मध्ये जमली तेव्हा पौंड दोन व्यवहारदिवसांत कोसळला. धोरण तेच असताना दिशा उलटी का, याबद्दल ही पोस्ट आहे.

आधी चलन वधारण्यामागचं गणित पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. समजा एका देशाचं उत्पादन 100 आहे आणि अर्थव्यवस्था पूर्ण क्षमतेने चालली आहे. सरकारने खर्च 3 ने वाढवला. मध्यवर्ती बँकेला महागाई नको आहे, म्हणून एकूण मागणी 100 वरच राहील इतका व्याजदर ती वाढवते. म्हणजे 3 ची मागणी दुसरीकडून कमी व्हायला हवी. व्याजदर 3 टक्के अंकांनी वाढला, त्यामुळे घरबांधणी आणि कारखान्यांतली गुंतवणूक मिळून 1.5 ने घटली. उरलेले 1.5 निव्वळ निर्यातीतून, म्हणजे निर्यात वजा आयात यातून जातात, आणि तो मार्ग चलनातून जातो: चलन महागलं की निर्यात घटते आणि आयात वाढते.

हा व्याजदर परदेशापेक्षा 3 अंकांनी जास्त आहे आणि तो चार वर्षं तसाच राहील असं बाजाराला वाटतं. परदेशी गुंतवणूकदाराला दरवर्षी 3 टक्के जादा मिळणार असतील, तर पैशाचा ओघ थांबण्यासाठी ते चलन दरवर्षी सुमारे 3 टक्क्यांनी घसरेल अशी अपेक्षा तयार व्हावी लागते. पण घसरायचं तर आधी वर असायला हवं. म्हणून चलन आजच साधारण 12 टक्क्यांनी उडी मारतं आणि मग हळूहळू खाली येतं. दर वाढूनही काही वेळा चलन हलत नाही, त्याचं कारणही यातच आहे. ही वाढ सहा महिन्यांत मागे घेतली जाईल असं बाजाराला वाटत असेल, तर उडी दीड टक्क्याची होते. व्याजदर किती वाढला याइतकंच तो किती काळ वर राहणार हेही महत्त्वाचं असतं.

शेवटी हिशेब असा दिसतो: उत्पादन 100 चं 100, महागाई आटोक्यात. पण आतली वाटणी बदलली आहे. सरकारचा वाटा 3 ने वाढला, गुंतवणूक 1.5 ने कमी झाली, आणि चालू खात्यात, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या व्यवहारांच्या हिशेबात, 1.5 ची नवी तूट आली. फक्त एकूण उत्पादनाचा आकडा पाहणाऱ्याला काहीच घडलं नाही असं वाटेल. निर्यातदाराला विचारा, तो वेगळं सांगेल.

आता अमेरिका. पॉल व्होल्कर ऑगस्ट 1979 मध्ये फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले, आणि 1981 च्या मध्यावर फेडचा अल्पमुदतीचा दर 19 टक्क्यांवर पोहोचला होता. ऑगस्ट 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. शिवाय संरक्षणखर्चही वाढत होता. इथे एक बारकावा नेहमी सुटतो. ही करकपात एका फटक्यात लागू झाली नाही. ऑक्टोबर 1981 मध्ये 5 टक्के, जुलै 1982 मध्ये 10 आणि जुलै 1983 मध्ये आणखी 10, अशी ती टप्प्याटप्प्याने आली. महाग पैशाचा मार आधी बसला आणि करकपातीचा आधार मागून आला. म्हणून 1982 मध्ये उत्पादन सुमारे 1.8 टक्क्यांनी घटलं आणि वर्षअखेरीस बेरोजगारी 10.8 टक्के झाली. 1982 च्या उत्तरार्धात फेडने पकड सैल केली, करकपातीचे पुढचे टप्पे खिशात पडू लागले, आणि 1984 मध्ये वाढ 7 टक्क्यांच्या पुढे गेली. ‘उत्पादनाचं सांगता येत नाही’ याचा व्यवहारातला अर्थ असा: दोन्ही जोर एकाच दिवशी लागत नाहीत. आधी कोणता लागतो त्यावर मंदी येते की तेजी हे ठरतं.

व्याजदराचं मात्र तसं नव्हतं. महागाई 1983 पर्यंत 3 टक्क्यांच्या आसपास उतरली होती, तरी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा 1984 च्या मध्यावर 13 टक्क्यांच्या वर होता. महागाई वजा केली तरी वास्तव दर फार मोठा उरतो. त्यात पुन्हा महागाई भडकेल ही भीती होती, आणि 1983 च्या आर्थिक वर्षातली सरकारची 208 अब्ज डॉलरची तूटही होती. ती राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे 6 टक्के भरत होती.

डॉलर 1980 च्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीच्या सुमारे 1.7 मार्कांना मिळत होता. फेब्रुवारी 1985 मध्ये त्यासाठी 3.4 हून अधिक मार्क मोजावे लागत होते. त्या काळी याला देशावरच्या विश्वासाची पावती म्हणणारे बरेच होते. माझ्या मते ती अर्धवट समजूत होती. विश्वास होताच, तो नसता तर पैसा आलाच नसता. पण डॉलर इतका वर जायला जास्त कारणीभूत होती ती वास्तव व्याजदरातली तफावत. किंमत मोजली ती पोलाद, यंत्रसामग्री आणि शेतमाल विकणाऱ्यांनी. आणखी एक गोष्ट पुस्तकाशी जुळली नाही. 1984 मध्ये खासगी गुंतवणूक दबलेली नव्हती, कारण नव्या कायद्यात घसाऱ्याच्या घसघशीत सवलती होत्या. माझ्या उदाहरणात अर्धा भार गुंतवणुकीने उचलला. तिथे तेजीच्या त्या वर्षांत बराच मोठा भार निर्यात-आयातीवर पडला आणि जागा परदेशी बचतीने भरली.

मग ब्रिटनमध्ये काय झालं? 22 सप्टेंबर 2022 ला बँक ऑफ इंग्लंडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर 1.75 वरून 2.25 टक्के केला आणि आपल्याकडचे सरकारी रोखे बाजारात विकण्याचा निर्णयही घेतला. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. ऊर्जाबिलांसाठीची मोठी मदत आधीच ठरली होती. पैसा कुठून येणार याचं उत्तर नव्हतं आणि स्वतंत्र अंदाजपत्रकीय कार्यालयाचा अहवालही सोबत प्रसिद्ध केला नव्हता. सैल सरकार आणि आवळलेली बँक यांची ही नेमकी तीच जोडी. तरी पौंड 1.12 डॉलरच्या आसपासून 26 सप्टेंबरला 1.035 च्या जवळ गेला. दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा काही दिवसांत साधारण साडेतीनवरून साडेचार टक्क्यांवर गेला. पौंड युरोसमोरही पडला, म्हणून हा फक्त डॉलरच्या जोराचा परिणाम म्हणता येत नाही.

फरक कर्जाच्या साठ्यात आणि त्याच्या रचनेत आहे. अमेरिकेत 1981 मध्ये जनतेकडे असलेलं केंद्र सरकारचं कर्ज राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे 25 टक्के होतं. व्याजदर 3 अंकांनी वाढला आणि सगळं कर्ज नव्या दराने फिरलं, तरी वार्षिक बोजा राष्ट्रीय उत्पादनाच्या 0.75 टक्क्याने वाढतो. कर्ज 100 टक्क्यांजवळ असेल, तर तीच वाढ 3 टक्के होते, म्हणजे व्याजासाठीच नवी तूट. ब्रिटन या दुसऱ्या टोकाला होता. त्यातही दोन अडचणी होत्या. सुमारे पाव कर्ज महागाईशी जोडलेलं होतं. आणि बँक ऑफ इंग्लंडने आधीच्या वर्षांत सुमारे 875 अब्ज पौंडांचे सरकारी रोखे विकत घेऊन त्या बदल्यात व्यापारी बँकांच्या खात्यात राखीव पैसा जमा केला होता. त्यावर बँक आपल्याच धोरणदराने व्याज देते. म्हणजे कागदावर वीस-तीस वर्षांचं दिसणारं कर्ज प्रत्यक्षात रोजच्या दरावर चालत होतं. दर वाढवला की बोजा त्याच दिवशी वाढतो.

अशा वेळी परदेशी गुंतवणूकदार जादा व्याज मोजत बसत नाही. शेवटी बँकेला सरकारसाठी माघार घ्यावी लागेल का, हे तो मोजतो. तशी शंका आली की वाढीव परतावा हे आमिष राहत नाही. तो जोखमीचा मोबदला होतो, आणि चलन खाली जातं.

न्यायाने एवढं सांगायला हवं की रोखेबाजारातली सगळी पडझड अविश्वासाची नव्हती. पेन्शन फंडांनी कर्जाच्या आधारावर दीर्घ मुदतीचे रोखे धरले होते. किंमत पडताच त्यांच्याकडे जादा तारण मागितलं गेलं, ते भरायला त्यांनी रोखेच विकले, आणि किंमत आणखी पडली, म्हणजेच परतावा आणखी चढला. तीस वर्षांच्या रोख्यांचा परतावा 5 टक्क्यांवर गेला तेव्हा, 28 सप्टेंबरला, बँकेला रोखे विकण्याऐवजी विकत घ्यावे लागले. पण पौंड त्याच्या दोन दिवस आधीच तळाला जाऊन आला होता. क्रम पाहिला की चलनाच्या पडझडीचं खापर पेन्शन फंडांवर फोडता येत नाही.

म्हणून अशी जोडी कुठेही जमताना दिसली की मी दीर्घ मुदतीचा परतावा आणि चलन एकत्र पाहतो. दोन्ही वर जात असतील तर बाजार जादा दराचा हिशेब करतो आहे, आणि 1981 चा नमुना लागू पडतो. परतावा वर आणि चलन खाली असेल तर जोखमीचा हिशेब चालला आहे. मग कर्ज किती, किती मुदतीचं, कुठल्या चलनातलं आणि महागाईशी जोडलेलं किती, हे तपासावं. परकीय चलनातलं कर्ज मोठं असेल तर चलन पडल्याने बोजा आणखी वाढतो आणि घसरण स्वतःलाच खतपाणी घालते. भांडवलाची ये-जा बंद असेल तर यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथे भार देशातल्याच गुंतवणुकीवर पडतो.

चलन वधारून पुन्हा उतरलं की व्यापार लगेच सावरतो, हाही एक गोड गैरसमज आहे. डॉलर 1985 च्या वसंतातच उतरू लागला होता. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी त्याला आणखी खाली आणायचं ठरवलं, आणि तो झपाट्याने घसरला. तरी अमेरिकेची चालू खात्याची तूट 1987 पर्यंत वाढतच राहिली. मालाचे करार आधीच झालेले होते, परदेशी विक्रेत्यांनी नफा कमी करून डॉलरमधल्या किमती फारशा वाढू दिल्या नाहीत, आणि महाग डॉलरच्या वर्षांत बंद पडलेले कारखाने डॉलर स्वस्त झाला म्हणून लगेच सुरू होत नाहीत.