बिटवॉर्डन सोडताना: पाच मिनिटांच्या कृतीतल्या चार गफलती

“पासवर्ड मॅनेजर बदलायला पाच मिनिटं पुरतात. आधी सीएसव्ही एक्सपोर्ट करा, त्यात सगळं येतं. भीती वाटत असेल तर एन्क्रिप्टेड एक्सपोर्ट घेऊन ठेवा. नव्या ॲपमध्ये इम्पोर्ट झालं की फाइल डिलीट करा आणि जुनं खातं लगेच बंद करा, म्हणजे प्लॅनही थांबला.”

असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरला लावून पाहू. त्याच्या सीएसव्हीमध्ये फक्त लॉगिन आणि सिक्युअर नोट्स येतात. समजा व्हॉल्टमध्ये 240 नोंदी आहेत: 180 लॉगिन, 35 नोट्स, 15 कार्डं आणि 10 ओळखपत्रांचे तपशील. सीएसव्हीत 215 उतरतील आणि उरलेल्या 25 नोंदी राहून गेल्याचं कुणी सांगणार नाही. पासकी आणि जुन्या पासवर्डांचा इतिहासही सीएसव्हीत नसतो. म्हणून साधी `.json` घ्यावी. तीही अपुरी पडते ती तीन ठिकाणी: जोडलेल्या फायली, कचरापेटीतल्या नोंदी आणि कुटुंबाच्या किंवा कंपनीच्या सामायिक व्हॉल्टमधल्या नोंदी तिच्यात नसतात. फायली उतरवून घ्या, कचरापेटीतलं हवं ते परत बाहेर काढा आणि सामायिक व्हॉल्टचा एक्सपोर्ट वेगळा करा. इम्पोर्टनंतर प्रत्येक प्रकारच्या नोंदींची संख्या जुन्या-नव्या ॲपमध्ये ताडून पाहा. एकूण आकड्यावर विसंबू नका.

सर्वांत महागात पडते ती एन्क्रिप्टेड एक्सपोर्टची गफलत. हा पर्याय निवडला की आणखी दोन पर्याय दिसतात: `Account restricted` आणि `Password protected`. पहिल्या प्रकारची फाइल त्या खात्याच्याच किल्लीने बंद होते. खातं डिलीट केलं किंवा त्याची एन्क्रिप्शन की बदलली, की ती फाइल पुन्हा कधीच उघडत नाही, मास्टर पासवर्ड तोंडपाठ असला तरी. म्हणजे खातं बंद करण्याआधी घेतलेला हा बॅकअप नेमका खातं बंद होताच निकामी होतो! `Password protected` निवडा, फाइलला वेगळा लांब पासवर्ड द्या आणि तो कागदावर लिहून ठेवा. चाचणी सोपी आहे: बिटवॉर्डनचंच दुसरं मोफत खातं उघडून फाइल तिथे इम्पोर्ट करून बघा. चुकीच्या प्रकारची असेल तर तिथेच अडेल. नव्या ॲपला मात्र बहुधा ही फाइल वाचता येत नाही, त्यासाठी साधी `.json` लागतेच. म्हणजे एक्सपोर्ट दोन: एक जपून ठेवायचा, दुसरा काम होताच नष्ट करायचा.

या दुसऱ्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे असतात आणि नुसतं डिलीट दाबून ती जातेच असं नाही. मॅकवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडला जोडलेले असतील, किंवा विंडोजवर वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर फाइल सेव्ह होताच तिची एक प्रत क्लाउडवर जाते, आणि डिलीट केल्यावरही ती साधारण 30 दिवस तिथल्या कचरापेटीत राहते. एसएसडीवर फाइलवर पुन्हा लिहून ती पुसण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही, कारण ड्राइव्ह नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहू शकतो. त्यापेक्षा आधी डिस्क एन्क्रिप्ट करणारं फाइलव्हॉल्ट किंवा बिटलॉकर चालू आहे का ते पाहा आणि सिंक न होणाऱ्या फोल्डरमध्येच एक्सपोर्ट करा. स्वतःलाच मेल किंवा व्हॉट्सॲप करणं तर नकोच. सीएसव्ही घेतलीच असेल तर ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: `00451237` हा पासवर्ड `451237` होतो आणि `=` ने सुरू होणारा पासवर्ड एक्सेलला सूत्र वाटतो.

राहिलं खातं बंद करणं. ही घाई कशाला, हे कळत नाही. प्लॅनचं नूतनीकरण थांबवणं आणि खातं डिलीट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिटवॉर्डनचा प्रीमियम संपला तरी मोफत खातं चालू राहतं आणि लॉगिन तिथेच असतात. व्हॉल्टमधून टू-स्टेप लॉगिनचे सहा अंकी कोड मिळणं मात्र थांबतं, त्यांची गुप्त की नोंदीत तशीच राहते. (इतर ॲपचा प्लॅन प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घेतला असेल, तर खातं डिलीट केल्याने पैसे कापले जाणं थांबत नाही. ते स्टोअरमध्येच रद्द करावं लागतं.) तेव्हा नूतनीकरण आज थांबवा आणि खातं महिनाभर राहू द्या.

त्या महिन्यात लॉगिनची छाननी होते. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीचे पासवर्ड रीसेट होतात ते तिथूनच. मग बँक. दोन्हीकडे नव्या ॲपमधला सहा अंकी कोड वापरून प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरकडे जाणार असाल तर त्यात हे कोड तयार होत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळं ऑथेंटिकेटर ॲप आधी लावा. पासकी नव्या ॲपमध्ये आली नसेल तर त्या साइटवर नवी नोंदवा आणि मगच जुनी काढा. पासवर्ड सरसकट बदलायची गरज नाही. दोन ठिकाणी वापरलेले बदला, आणि उघडी फाइल क्लाउडवर गेली असेल तर मात्र सगळे बदला. न वापरातलं खातं आधी त्या साइटवर जाऊन बंद करा, नोंद त्यानंतर पुसा. उलट केलंत तर ते खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हे शोधत बसावं लागेल.