इतिहास-नागरिकशास्त्राचं पाठांतर संपलेलं नाही, त्याचं काम बदललंय

‘शाळेचं सर्क्युलर बघितलं ना? इतिहास-नागरिकशास्त्राला आता पाठांतर बंद. सनावळ्या नकोत, धडा वाचला नाही तरी चालतं, उत्तर उताऱ्यातच असतं. बाकी सगळं “तुमचं मत लिहा”, म्हणजे मार्क मास्तरांच्या मर्जीवर. आणि ज्यांची भाषा चांगली त्यांचंच फावणार. सगळ्या पालकांना पाठवा.’

पालकांमध्ये सध्या हा मेसेज फिरतोय. त्याला उत्तर देण्याआधी परिपत्रकात काय आहे ते पाहू. त्यात म्हटलंय की नुसती माहिती आठवून लिहायचे प्रश्न कमी होतील. त्यांच्या जागी तक्ता, नकाशा, छोटा उतारा किंवा एखादा प्रसंग देऊन त्यावर विचार करायला लावणारे प्रश्न येतील. हे आपल्याच शाळेने काढलेलं खूळ नाही. सीबीएसईने 2023-24 पासून नववी-दहावीला निम्मे गुण अशा क्षमताधिष्ठित प्रश्नांना ठेवले आहेत. उरलेल्यात 20 टक्के पर्याय निवडण्याचे आणि 30 टक्के उत्तर लिहिण्याचे नेहमीचे प्रश्न आहेत. बदल काय आहे हे एक पूर्ण प्रश्न सोडवला तरच कळतं, म्हणून गोव्याच्या इतिहासातलाच घेऊ.

जुन्या पद्धतीचा प्रश्न असा असायचा: ‘जनमत कौल केव्हा झाला? त्याचा निकाल लिहा.’ उत्तर वहीतलंच. नव्या पद्धतीत मुलाला तीन नोंदींचा तक्ता मिळतो. डिसेंबर 1963 ची विधानसभा निवडणूक: गोव्यातल्या 28 जागांपैकी विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला म्हणजे मगोला 14, त्याला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्सला 12. जनमत कौल, 16 जानेवारी 1967: महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं, संघप्रदेश राहण्याच्या बाजूने 1,72,191. मार्च 1967 ची विधानसभा निवडणूक: मगो पुन्हा सत्तेवर. खाली तीन उपप्रश्न.

अ) संघप्रदेशाच्या पर्यायाला किती मतं जास्त मिळाली? (1 गुण)
आ) एका विद्यार्थ्याने लिहिलं, ‘जनमत कौलात गोवेकरांनी घटक राज्यासाठी मत दिलं.’ हे बरोबर की चूक? कारण द्या. (2 गुण)
इ) विलीनीकरण हरलं आणि ते मागणारा मगो दोनच महिन्यांत निवडून आला. यावरून मतदारांबद्दल काय अनुमान काढता येतं? तक्त्यातल्या दोन नोंदी आणि धड्यातली एक गोष्ट वापरा. (3 गुण)

‘अ’चं उत्तर खरंच समोर आहे. वजाबाकी केली की 34,021. पण तो सहापैकी एकच गुण, आणि तो मुद्दाम सोपा ठेवलेला असतो. मुलाने तक्ता नीट वाचला की नाही, एवढंच तिथे पाहायचं असतं.

‘आ’ला तक्ता अपुरा पडतो. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती: विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. घटक राज्य हा पर्याय तिथे नव्हताच. ते मिळालं 30 मे 1987 रोजी, म्हणजे कौलानंतर वीस वर्षांनी. ज्या मुलाला 1961, 1967 आणि 1987 यांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर गोव्याचा दर्जा काय होता हे ठाऊक नाही, त्याला विधान चूक वाटलं तरी कारण देता येणार नाही. मग त्याचे दोन्ही गुण जातात, कारण नुसतं ‘चूक’ लिहायला अंदाजही पुरतो. ही चूक होते ती वहीतली उत्तरं सुटी सुटी पाठ केल्यामुळे. 1967 चं उत्तर एका पानावर, 1987 चं दुसऱ्या, आणि मधल्या वीस वर्षांशी कोणी गाठ घालून दिलेली नसते.

तेव्हा सनावळ्या लागणारच. पन्नास तारखा नाहीत, पण कणा म्हणून पाच-सहा पक्क्या हव्यात. मुक्तीपासूनच्या भागासाठी 1961, 1963, 1967 आणि 1987, त्यामागे 18 जून 1946 ची लोहियांची मडगावची सभा, आणि त्याही मागे पोर्तुगीजांनी गोवा घेतला ते 1510. घरी अभ्यास घेताना ‘कधी झालं?’ एवढ्यावर न थांबता ‘हे झालं तेव्हा त्याच्या आधीचं काय पूर्ण झालेलं होतं आणि काय अजून व्हायचं होतं?’ असं विचारा. पाठांतर तेच, फक्त एकेक गोष्ट शेजारच्या गोष्टीला बांधलेली.

आता ‘इ’, म्हणजे ज्याला मेसेजमध्ये मर्जीचं म्हटलंय तो भाग. याला एकच ठरलेलं उत्तर नाही, पण गुण कुठे द्यायचे हे पेपर तपासण्याआधीच लिहून ठेवलेलं असतं: एक गुण स्पष्ट अनुमानाला, एक तक्त्यातल्या दोन नोंदी वापरल्याबद्दल, एक धड्यातली गोष्ट त्या अनुमानाशी जोडल्याबद्दल. पुरं पडणारं उत्तर साधारण असं दिसतं:

‘विलीनीकरण नको असणाऱ्या काही मतदारांनीही मगोला मत दिलं असावं. जानेवारीत 1,72,191 जणांनी संघप्रदेश मागितला, तरी मार्चमध्ये मगोच सत्तेवर आला. कौलात एकच प्रश्न होता, निवडणुकीत मात्र उमेदवार आणि सरकारचं काम हेही लोक पाहतात. मगोच्या बांदोडकर सरकारने गावोगाव शाळा काढल्या आणि 1964 साली कूळ कायदा केला, त्यामुळे लोकांना ते सरकार हवं असू शकतं.’

चार वाक्यांत तीन गुण. दुसरं मूल वेगळी वाट धरेल. कौलात सगळ्या गोव्याची मतं एकत्र मोजली आणि निवडणुकीत मतदारसंघवार जागा मोजल्या, म्हणून निम्म्याहून कमी मतं मिळूनही पक्ष सत्तेवर येऊ शकतो, असं ते म्हणेल. 1963 च्या 14 जागा आणि कौलाचे आकडे शेजारी ठेवून त्याने हे मांडलं आणि मतदारसंघ पद्धतीची धड्यातली माहिती जोडली, तर त्यालाही पूर्ण तीन.

गुण कुठे जातात तेही पाहा. ‘मतदार सुज्ञ होते’ हे अनुमान कोणत्याही निवडणुकीला चालतं, म्हणून त्याला शून्य. तक्ता शब्दांत उतरवून काढला, तर नोंदींचा फार तर एक. ‘1963 साली लोकांनी विलीनीकरणाला बहुमत दिलं होतं’ असं लिहिलं तर पुरावा चुकीचा वाचला असं धरतात, कारण तक्त्यात पक्षाच्या जागा आहेत, विलीनीकरणाची मतं नाहीत. पानभर लिहून एकच मुद्दा तीनदा फिरवला तरी गुण एकच. सगळ्यात जास्त गुण इथेच गळतात, कारण पान भरलं की मार्क मिळतात ही सवय मुलांना आपणच लावली.

मर्जीची भीती एका बाबतीत मात्र खरी ठरू शकते. ‘गोवा महाराष्ट्रात जायला हवा होता का? तुमचं मत लिहा’ असा प्रश्न कोणी काढला, तर तो क्षमताधिष्ठित नाही. त्याला तपासायला पुरावाच नाही. या विषयावर गोव्यातल्या घराघरांत आजही दोन मतं आहेत आणि मुलाच्या घरच्या मताला मार्क देणं हे शाळेचं काम नाही. असा प्रश्न पेपरात दिसला तर पालकांनी जरूर हरकत घ्यावी. आणि हो, चाचणीनंतर गुणांची वाटणी वर्गात दाखवा अशी मागणीही करावी. आपला तिसरा गुण नेमका कशापायी गेला हे मुलाला तिथेच समजतं.

नागरिकशास्त्रात तर पाठ केलेला एखादा शब्दच निकाल लावतो. सात पंचांच्या ग्रामपंचायतीत महिलांसाठी दोन प्रभाग राखीव ठेवले, हे घटनेला धरून आहे का? ‘महिलांना एक तृतीयांश जागा’ एवढंच पाठ असलेलं मूल साताला तिनाने भागतं, 2.33 येतात, आणि ‘हो, दोन बरोबर’ लिहून मोकळं होतं. कलम 243घ मध्ये ‘किमान एक तृतीयांश’ आहे, त्याहून कमी नाही. दोन कमी पडतात, तीन हवेत. पुढे विचारलं की खुल्या प्रभागातून महिला उभी राहू शकते का, तर बरीच मुलं ‘नाही’ लिहितात. राखीव जागा म्हणजे कमाल मर्यादा असा त्यांचा समज असतो. आपल्या पंचायतीच्या मागच्या निवडणुकीतली राखीव प्रभागांची यादी घरी एकदा मुलासोबत मोजून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

भाषेची तक्रार आम्हालाही पटते. इथली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीला इंग्रजीत जातात. त्यांच्यापुढे दीडशे शब्दांचा इंग्रजी उतारा ठेवला तर इतिहासाआधी भाषेचीच परीक्षा होते. यावर उपाय पेपर काढणाऱ्याच्या हातात आहे. उतारा साठ-ऐंशी शब्दांचा ठेवायचा, अवघड शब्दांचे अर्थ खाली द्यायचे, एकाच उताऱ्यावर तीन उपप्रश्न विचारायचे, आणि शक्य तिथे उताऱ्याऐवजी तक्ता किंवा नकाशा वापरायचा. व्याकरणाचे गुण कापायचे नाहीत. वाचायला वेळ जातो म्हणून प्रश्नांची एकूण संख्याही कमी करावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच राहून जातं: उतारे वाढतात, प्रश्न तेवढेच राहतात. वर्गातल्या पुष्कळ मुलांचा शेवटचा प्रश्न कोरा राहिला असेल, तर आधी पेपरची लांबी तपासा आणि मगच अभ्यासाबद्दल बोला.

सगळे प्रश्न चांगलेच येतील असंही नाही. नाव क्षमताधिष्ठित आणि आत जुनाच प्रश्न, हे सर्रास होतं. ओळखायला दोन गोष्टी पुरतात. उतारा हाताने झाकून प्रश्न वाचा. उत्तर तरीही देता आलं, तर उतारा नुसता शोभेला आहे आणि प्रश्न आठवणीचाच. मग उलट करा: धडा न वाचलेल्या माणसाला उतारा आणि प्रश्न द्या. त्याने वाक्य जसंच्या तसं उचलून पूर्ण गुण मिळवले, तर ते भाषेचं आकलन झालं, इतिहास नाही. वरचा ‘अ’ या दुसऱ्या चाचणीत नापास होतो, म्हणून त्याला एकच गुण ठेवलाय. ‘आ’ पहिल्या चाचणीत अडतो, कारण धडा पक्का असला तर तक्ता झाकूनही उत्तर देता येतं. ‘इ’ मात्र दोन्ही चाचण्यांत टिकतो. पहिल्या घटक चाचणीचा पेपर घरी आला की प्रत्येक प्रश्न असा तपासा, आणि जो टिकत नाही त्याचा क्रमांक लिहून विषयशिक्षकांना द्या.