सात किलो आणि अळूची भाजी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत रात्रीच्या फेरीचा एक तक्ता असतो. त्यात चोवीस रकाने. अकरावा : ‘फायर लाइन प्रेशर’, म्हणजे आग विझवायच्या पाइपातल्या पाण्याचा दाब. पंप हाउसात जायचं, काटा बघायचा, ‘७ किलो’ लिहायचं. माझ्या आधीच्या गार्डने तर महिन्याचे सात एकाच बैठकीत, एकाच पेनने लिहून ठेवले होते. आणि काटाही इमानदार, कधी बघा, साताच्या आसपासच.

एप्रिलच्या एका रात्री दोन वाजता मी पंप हाउसात शिरलो आणि आमच्या आवारातली नुकतीच व्यालेली कुत्री दारात येऊन बसली. पिल्लं तिथंच पोत्यावर होती. मी पाऊल उचललं की ती दात दाखवायची. चाळीस मिनिटं मी काट्याकडे बघत उभा. एवढा वेळ त्याच्याकडे आजवर कुणी बघितलं नसेल!

काटा हळूहळू उतरला. साडेपाचवर आला तसा लहान पंप, म्हणजे जॉकी, खडखडला, वीस सेकंदांत सातावर नेऊन थांबला. नऊ मिनिटांनी पुन्हा तेच. सगळे वॉल्व्ह बंद, पाणी कुणी वापरत नाही, मग हा पंप दिवसाला दीडशे वेळा उठतोय कशाला?

म्हणजे पाणी कुठून तरी जातंय. पण जॉकी तेवढं भरून काढतो, म्हणून काटा सात आणि रजिस्टर गुटगुटीत. सकाळी सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, “गोत्तिल्ला, काटा तर बरोबर आहे की!” एकाने उपाय सुचवला : जॉकीच बंद ठेवा. तसं केलं असतं तर प्रेशर आणखी उतरून मोठा पंप आपोआप चालू झाला असता, आणि तो हातानंच बंद करावा लागतो.

फिटरने एकेका बाजूची लाइन बंद करून काटा बघितला. ऑफिसची बंद केली, काटा उतरतच राहिला. मागच्या यार्डाची बंद केली आणि काटा थिजला. गळती यार्डात.

यार्डात एकच हायड्रंट, कँटीनच्या मागे. एप्रिलातही त्याच्या बुडाशी छत्रीएवढं हिरवंगार अळू! झाकण सैल, त्यातून धार. कुणीतरी त्या पाण्याने टेम्पो धुतलेला दिसत होता. वॉल्व्हच्या रबरी वॉशरवर मोल्डिंगची वाळू अडकून चर पडला होता, त्यामुळे चाक कितीही आवळलं तरी पाणी झिरपणारच. नवा वॉशर बसवायला दहा मिनिटं लागली.

त्या रात्री अकरा ते पहाटे पाच जॉकी एकदाही उठला नाही. तक्त्यात मी पंचविसावा रकाना आखला : ‘दहा मिनिटं थांबून पंप ऐकणे’.

आठवड्याने कँटीनच्या मामांनी गेटवर गाठलं.
“काय केलास रे तिथं? मंगळवारची भाजी वाळली की!”