कॅसिनो पगाराचा कागद मागतो तेव्हा

‘मोठी रक्कम जिंकली की ब्रिटनमधले ऑनलाइन कॅसिनो पगाराचे कागद मागतात. पैसे बुडवायची ही पळवाट आहे.’

प्रश्न जिंकलेल्या पैशांचा नसून भरलेल्या पैशांचा असतो. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनुसार २००० युरो किंवा जास्त रकमेच्या व्यवहाराला, तुकड्यांत भरली तरी, कॅसिनोला ग्राहकाची पडताळणी करावीच लागते. रक्कम त्याच्या कमाईशी जुळत नसेल, तर ती आली कुठून हेही विचारलं जातं.

समजा, महिना २४०० पौंड पगार असलेल्याने आठवड्यात ९००० पौंड भरले. तो बँकेतल्या शिलकीचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि तो नाकारला जातो, कारण त्यात पैसे आहेत एवढंच दिसतं, आले कुठून ते नाही. गाडी विकून आले असतील तर विक्रीची पावती हवी आणि तेवढीच रक्कम जमा झाल्याची नोंद दाखवणारं, नाव व खाते क्रमांकासह पूर्ण पान असलेलं स्टेटमेंट हवं. मित्राच्या कार्डावरून भरलेले पैसे इथेच अडकतात.

तक्रारीला जागा मात्र आहे. जी माहिती आधी मागता आली असती ती पैसे काढतानाच अट म्हणून पुढे करायला कॅसिनोंवर देखरेख करणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनच्या परवान्यातच मनाई आहे. कायद्याने त्याच वेळी मागणं भाग असेल तेवढा अपवाद. पण कॅसिनोने संशयास्पद व्यवहाराचा अहवाल नॅशनल क्राइम एजन्सीकडे पाठवला असेल, तर ते ग्राहकाला सांगणं गुन्हा ठरू शकतो. म्हणून कर्मचारी ‘तपासणी सुरू आहे’ यापलीकडे बोलत नाहीत.