डिकी बीमला आपटली, त्याबद्दल

ग्राहकाचा अभिप्राय (२ तारे):
"चार महिन्यांपूर्वी यांच्याकडून गाडीला पाय मारून उघडणारी ऑटोमॅटिक डिकी बसवून घेतली. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ना कुणी किक मारली, ना बटण दाबलं, तरी डिकी आपोआप उघडली आणि वरच्या बीमला आपटली. कडेचा रंग उडाला. बसवताना 'उंची सेट केली आहे, अँटी-पिंचही आहे' असं सांगितलं होतं. मग हे झालं कसं? पुन्हा या दुकानात जाणार नाही."

दुकानमालकाचं उत्तर:

नमस्कार. मंगळवारी सकाळी तुम्ही आम्हाला तुमच्या पार्किंगमध्ये येऊ दिलंत, त्याबद्दल आभार. मी आणि आमचा फिटर, आम्ही दोघांनी तिथे दीड तास गाडी तपासली. जे सापडलं ते इथेच लिहितो, कारण आमच्याकडून हेच किट बसवलेल्या इतर गाड्यांनाही ते लागू आहे. रंगाचा खर्च आमचा, हे फोनवर सांगितलंच आहे. त्यामागचं कारणही लोकांसमोर यायला हवं.

डिकी उघडली आणि डिकी आपटली या दोन वेगळ्या घटना आहेत आणि दोन्हींची कारणंही वेगळी निघाली.

आधी उघडण्याचं. किक सेन्सर म्हणजे कॅमेरा नाही. मागच्या बंपरच्या प्लास्टिकआड दोन पट्ट्या असतात, एक वर आणि एक खाली. माणसाचं शरीर जवळ आलं की त्या पट्ट्यांभोवतीचं विद्युतक्षेत्र किंचित बदलतं. वरच्या पट्टीला नडगी जाणवते, खालच्या पट्टीला पाऊल. दोन्हींवर एकदम बदल झाला आणि क्षणात मावळला, की मॉड्यूल त्याला किक समजतं. मग बंपरजवळचा अँटेना किल्ली शोधतो. किल्ली साधारण मीटरभराच्या आत असेल तरच डिकी उघडते. म्हणजे पाय आणि किल्ली या दोन्ही अटी जुळाव्या लागतात. अडचण एवढीच, की त्या पट्ट्यांना पाय आणि पाणी यांतला फरक नेहमी कळत नाही. बंपरवरून एकदम ओघळलेलं पाणी दोन्ही पट्ट्यांवर तसाच बदल घडवतं.

रविवारी गाडी धुणारे दादा मागची बाजू धूत होते आणि तुम्ही किल्ली खिशात ठेवून त्यांच्याशी बोलत उभे होतात, असं तुम्ही सांगितलंत. म्हणून आम्ही तेच करून पाहिलं. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून बंपरवर पाच वेळा मग्गाभर पाणी ओतलं. काहीच झालं नाही. मग किल्ली खिशात ठेवून मी बंपरपासून हातभर अंतरावर उभा राहिलो, तर दुसऱ्याच मग्ग्याला बीप वाजला आणि डिकी उचलू लागली. तुमच्यासमोर बटण दाबून मी ती अर्ध्यावर थांबवली. चार पावलं मागे जाऊन पुन्हा पाच वेळा पाणी ओतलं, तेव्हा परत काही नाही. तुमचा सेन्सर बिघडलेला नाही. तो गरजेपेक्षा जास्त हळवा करून ठेवलेला होता, आणि तो तसा आम्ही ठेवला होता.

हा आमचा पहिला दोष. किट बसवल्यावर आठवडाभरात तुमचा फोन आला होता, की तीनदा किक मारावी तेव्हा एकदा उघडते. आमच्या मुलाने गाडी बोलावली आणि संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्यांपैकी सर्वात वरची लावून दिली. खरं तर त्याने आधी तुमची किक बघायला हवी होती. बरेच जण पाय झाडूसारखा आडवा फिरवतात, किंवा बंपरखाली घालून तसाच धरून ठेवतात. आडव्या फिरवलेल्या पायात नडगी वरच्या पट्टीसमोर येतच नाही, आणि धरून ठेवलेल्या पायात बदल मावळत नाही. पाय बंपरच्या मधोमध, सरळ आत, लगेच बाहेर, आणि मग एक पाऊल मागे सरून उभं राहायचं. मंगळवारी मधल्या पायरीवर आणून तुम्ही स्वतः अशी किक मारलीत, तेव्हा दहापैकी नऊ वेळा डिकी उघडली. त्याच पायरीवर हातभर अंतरावर किल्ली ठेवून पाण्याचे दहा मग्गे ओतले, तरी ती हलली नाही. जोराच्या पाइपाने धुतलं तर मात्र मधल्या पायरीचीही मी खात्री देणार नाही. धुताना किल्ली घरात ठेवा, किंवा स्टिअरिंगखालचं आपलं बटण पाच सेकंद दाबून धरा. दोन बीप वाजले की किक बंद झाली. पुन्हा तसंच दाबल्यावर एक बीप, म्हणजे चालू. किक बंद असली तरी किल्लीचं आणि डिकीवरचं बटण चालतं.

आता आपटण्याचं. तुमच्या गाडीची नोंद आमच्या वहीत आहे. डिकीची कड जमिनीपासून १९५ सेंटिमीटरवर थांबेल अशी मर्यादा लावली होती, आणि चार महिने ती तिथेच थांबत होती. रविवारी ती २११ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण उघडायला निघाली. वाटेत बीम होता, त्याचा खालचा काठ २०२ वर. मर्यादा गेली कुठे, हे मला आधी कळेना. मग तुम्ही सहज म्हणालात की शुक्रवारी बॅटरी बदलली. तिथेच उलगडा झाला.

डिकीच्या दांड्यातली मोटर उंची मोजत नाही, ती स्वतःचे फेरे मोजते. आत एक छोटा सेन्सर असतो, मोटर फिरली की तो ठोके देतो आणि मॉड्यूल ते मोजत जातं. तुमची मर्यादा म्हणजे 'इतक्या ठोक्यांवर थांब' एवढीच नोंद. या किटमध्ये बॅटरीची तार निघाली की ती नोंद पुसली जाते. बॅटरी परत जोडल्यावर डिकी एकदा हाताने पूर्ण बंद करून बटणाने उघडली, की मॉड्यूल नवा हिशेब सुरू करतं आणि वरची हद्द मूळ, म्हणजे पूर्ण उंचीची धरतं. शनिवारी तुम्ही रस्त्यावर डिकी उघडली तेव्हा वर आभाळ होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बॅटरी बदलली की मर्यादा पुन्हा लावावी लागते, हे आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं. आमच्या कार्डावरही तसं छापलेलं नाही. हा दुसरा दोष, आणि पहिल्यापेक्षा मोठा.

अँटी-पिंचबद्दल तुमचा राग समजतो. ते काम करत होतं, पण त्याचं काम टक्कर टाळणं नाही. डिकीला अडथळा लागला की मोटरचा वेग पडतो आणि करंट चढतो. त्यावरून मॉड्यूलला अडथळा कळतो आणि ते डिकी उलटी फिरवतं. म्हणजे आधी स्पर्श व्हावाच लागतो. त्यामुळे काच वाचली, बिजागरं वाकली नाहीत, दांडे शाबूत आहेत, हे आम्ही तपासलं. पण काँक्रीटला टेकलेल्या कडेचा रंग त्याने वाचत नाही. 'अँटी-पिंच आहे, काळजी नको' असं दुकानात बोललं गेलं असेल, तर ते अर्धवट होतं.

मंगळवारी मर्यादा लावली ती दुकानात अंदाजाने नाही, तुमच्याच जागेवर. टेप गाडीच्या बाजूला न धरता बंपरच्या मागे धरली, कारण डिकी सरळ वर जात नाही. ती कमानीत फिरते आणि तुमच्या गाडीत बंपरच्या ५५ सेंटिमीटर मागेपर्यंत येते. त्या पट्ट्यात छत २४५ वर आहे, बीम २०२ वर, आणि बीमच्या पुढच्या अंगाने आगीच्या पाण्याचा पाइप गेला आहे. त्याचा क्लॅम्प १९८ वर लोंबतो. म्हणजे खरी हद्द बीम नव्हे, क्लॅम्प. आमची जुनी १९५ ची मर्यादा त्याला जेमतेम तीन सेंटिमीटर सोडत होती. मागे सामान असताना गाडी थोडी बसते, ते उतरवलं की मागचा भाग वर येतो. तुमच्या गाडीत दोन मोठ्या बॅगा ठेवून आणि काढून मोजलं तर फरक अडीच सेंटिमीटर निघाला. चार महिने काही झालं नाही, याला नशीबच म्हणायचं.

म्हणून गाडी रिकामी ठेवूनच मर्यादा लावली. बटणाने डिकी उघडली, १८८ वर बटण दाबून थांबवली, आणि मग डिकीच्या आतल्या कडेचं बटण लांब बीप येईपर्यंत, तीनेक सेकंद, दाबून धरलं. बंद करून तीनदा उघडली आणि दर वेळी टेपने कड पाहिली. तिन्ही वेळा १८८. याहून खाली आणलं असतं तर कुलपाची कडी तुमच्या कपाळाशी आली असती. तुम्ही खाली उभे राहून पाहिलंत आणि चालेल म्हणालात. मॉलमध्ये किंवा गावी मोकळ्यावर जास्त उंच हवी असेल, तर थांबलेली डिकी हाताने हळू वर ढकला, ती तिथे राहते. लावलेली मर्यादा त्याने बदलत नाही.

एक गोष्ट तुमच्या शेजारच्यांसाठी, कारण त्यांनी तिथे विचारलं. त्यांची गाडी स्टॅक पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावर असते. तिथे वरचा पाळणा गाडीच्या टपाच्या फार जवळ येतो आणि या किटची मर्यादा साधारण अर्ध्या उघडीच्या खाली लागतच नाही. अशा जागी उंचीवर भरवसा ठेवू नये. किक कायमची बंद ठेवावी, आणि गाडी बाहेर काढल्यावरच डिकी उघडावी. ते त्यांच्या गाडीला किट बसवायला आले, तर मी आधी हेच सांगेन.

यापुढे बसवलेल्या प्रत्येक गाडीची मर्यादा आम्ही ग्राहकाच्या पार्किंगमध्ये येऊन लावू. मुंबईत कुठेही, वेगळे पैसे नाहीत. बॅटरीबद्दलची सूचना मराठीत छापून बॉनेटच्या आत, बॅटरीजवळ चिकटवू, म्हणजे बॅटरी बदलणाऱ्या मेकॅनिकला ती दिसेल. आधी बसवलेल्या गाड्यांच्या मालकांना या आठवड्यात आम्ही स्वतः फोन करत आहोत. तुमच्या गाडीचा स्टिकर फिटरकडे दिला आहे.

रंगासाठी शनिवारी सकाळी गाडी घ्यायला माणूस येईल. डाव्या कोपऱ्यावर चार सेंटिमीटरचा चट्टा आहे, पण नुसता टचअप केला तर पावसाळ्यात त्याखालून गंज धरेल. म्हणून डिकीची खालची पट्टी पूर्ण घासून रंगवून देतो. दोन दिवस लागतील. काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढावी लागेल, म्हणजे मर्यादा पुन्हा पुसली जाणार. सोमवारी गाडी परत देताना फिटर सोबत असेल, तो तुमच्या जागेवर ती १८८ ला लावून, तुमच्यासमोर टेपने मोजूनच निघेल.