चहाची बिलं आणि सुप्रीम कोर्ट

सध्या ऑफिसात माझी खुर्ची कपाट आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात आहे. कागदांना जागा पुरेना, म्हणून मला सरकवलं. पगार मात्र अजून मलाच मिळतो, कागदांना नाही.

आमची बेळगावच्या उद्यमबागेतली लहानशी भागीदारी फर्म. फाउंड्र्यांना सामान पुरवतो. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याचा तक्ता कर, असं मालकांनी सांगितलं आणि मी तो मन लावून केला, हीच चीड आहे.

यात खरी मेख वर्षांच्या आकड्यात नसतेच. वर्षं कुठून मोजायची, यात असते. जीएसटीची मुदत ७२ महिन्यांची. झालं, बिलाच्या तारखेपासून सहा वर्षं, असं सगळे धरून चालतात. पण कायदा मोजतो त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून. एप्रिल २०२१ चं बिल घ्या. ते २०२१-२२ या आर्थिक वर्षातलं. त्याच्या वार्षिक रिटर्नची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२२. तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०२८. बिलाची तारीख धरून मोजणारा ते एप्रिल २०२७ मध्येच फाडून मोकळा होणार, म्हणजे वीस महिने आधी. म्हणून तक्त्यात मी ‘कधीपासून’ असा वेगळा रकाना ठेवला. गोडाऊनचा भाडेकरार असेल तर सहीच्या तारखेपासून नाही, जागा सोडून डिपॉझिटचा हिशेब मिटल्यापासून पुढे तीन वर्षं, कारण पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तेवढी. पगारपत्रकं आणि पीएफचे कागद मात्र मी हातच लावायचे नाहीत असं ठरवलं. पीएफवाले जुनी वर्षं उकरून काढू शकतात.

तक्त्याखाली एक टीप लिहिली होती: ‘अपील किंवा खटला चालू असल्यास कागद नष्ट करू नयेत, अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा मूळ मुदत, जे उशिरा संपेल तोवर ठेवावेत.’

ही टीप काकांनी वाचली.

काका म्हणजे मालकांचे चुलते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. रोज अकराला येतात, पेपर वाचतात, चहा घेतात आणि ऑफिसातल्या कुठल्याही कामात आपण लक्ष घालत नाही असं सांगून लक्ष घालतात.

“काय करायलास रे हे?” तक्ता डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्यांनी विचारलं. “खटला चालू असला तर टाकायचं नाही, हे तूच लिहिलायस न्हवं?”

“हो काका.”

“मग सीमाभागाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागला काय?”

“नाही काका, पण—”

“मग टाकतोस कसं?”

मी समजावलं, की थांबते ती त्या वादाशी संबंधित कागदांची मुदत. आमच्या एखाद्या बिलावर अपील चालू असेल तर ते बिल, त्याचं चलन, त्याचं ई-वे बिल ठेवायचं. शेजारच्या फायलीतलं चहाचं बिल त्यात येत नाही. काकांनी शांतपणे १९९८ ची फाइल मागवली आणि एका चहाच्या बिलावर बोट ठेवलं. बिल मराठीत होतं.

“पुरावा,” काका म्हणाले. “इथली दुकानदारी मराठीत चालायची, याचा.”

यावर काय बोलणार? त्या चहाने जमिनी हलणार असतील तर मीही रोज दोन कप जास्त पितो. मालकांनी मान खाली घालून हिशेब तपासायचं सोंग केलं. काकांनी लाल पेनने प्रत्येक ओळीसमोर ‘कायम’ लिहिलं. पेट्रोलच्या बिलांसमोरसुद्धा!

ती पेट्रोलची बिलं बघण्यासारखी आहेत. थर्मल कागदाची असल्यामुळे अक्षरं उडून गेलीत. फायलीत नीट पंच करून, अनुक्रमांक घालून, दोऱ्याने बांधून ठेवलेत कोरे कागद. अशा बिलांची आल्या दिवशीच झेरॉक्स काढायची असते. ते कुणी करत नाही. कोरा कागद मात्र कायम.

हसू येतं खरं, पण गेल्या आठवड्यात जीएसटीचं पत्र आलं आणि चालू मुदतीतलं एकच खरेदी बिल हवं होतं. ते १९९८ च्या ढिगाखाली सापडलं, दुपार गेल्यावर, आणि बोलणी मी खाल्ली. सगळं ठेवलं की काहीच सापडत नाही, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही. तक्त्यावर मालकांची सही अजून नाही. नष्ट केलेल्या कागदांच्या नोंदवहीत कागदाचा प्रकार, वर्ष, तारीख आणि दोन सह्यांचे रकाने मी स्वतः आखलेत. रद्दीत देण्याआधी गिऱ्हाईकांच्या आधारच्या झेरॉक्सा आणि बँक खात्यांचे नंबर फाडायचे, हेही लिहिलंय. वही कोरी आहे.

काल काकांनी तीही पाहिली.

“चांगली आहे,” म्हणाले. “हिच्यात काही लिहू नकोस. आणि एक झेरॉक्स काढून ठेव, मूळ प्रत हरवली तर?”

झेरॉक्सचे सोळा रुपये झाले. त्याचं व्हाउचर करून काकांपुढे ठेवलं. त्यांनी लाल पेन काढलं.